नऊ हजार सहाशेची मर्यादा

मी भांडखोर आहे, चिवट आहे, आणि कुणी मला फसवतंय असा नुसता वास आला तरी माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या सकाळी जे झालं ते बँकेमुळे झालं नाही, माझ्या या स्वभावामुळे झालं.

बारा वर्षं स्वीडनमध्ये सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून काढून मी लंडनला नवी नोकरी धरली होती. इल्फर्डला एका मराठी काकूंच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. येऊन तीन आठवडे झाले होते आणि इथलं बँक अकाउंट अजून उघडलं नव्हतं. पत्त्याचा पुरावा हवा, आणि पुरावा द्यायला आधी अकाउंट हवं, असला तो प्रकार. त्यामुळे सगळा संसार एका स्वीडिश कार्डावर चालला होता. स्वीडिश मला दुकानात बोलण्यापुरतंच यायचं. ऑफिसात इंग्रजी चालायचं आणि बँकेचं पत्र आलं की मी ते मैत्रिणीकडे पाठवायचे. ती गोथेनबर्गला माझ्या शेजारी राहायची, तिथल्या शाळेत शिकवायची.

सकाळी साडेसातला ठाण्याहून भावाचा फोन आला. आईला आयसीयूत हलवलं होतं. "ताई, डॉक्टर म्हणतायत आजच्या आज नीघ. ती तुलाच विचारतेय," तो म्हणाला. मी म्हटलं, तिकीट माझं मी काढते, तू तिच्याजवळ थांब. त्याने फोन आत नेता येत नाही म्हणून बंद केला.

दुपारची थेट मुंबईची फ्लाइट होती. दोन सीट शिल्लक दिसत होत्या. ती मिळाली असती तर मी रात्री दोन-अडीचपर्यंत आईजवळ पोचले असते. मी पर्स उघडली आणि कार्डाच्या कप्प्यात कार्डच नव्हतं.

कोट, जीन्स, भाजीची पिशवी, गादीखाली, सगळीकडे पाहिलं. आदल्या दिवशी बसमध्ये टॅप केलेलं आठवत होतं, पुढचं काही नाही. मग मी बँकेचं ॲप उघडलं. त्याच दिवसाच्या तारखेला एक खरेदी दिसत होती, साठ-पासष्ट स्वीडिश क्रोनरची. नावाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे 'लंडन'. मी तर अजून अंथरुणातून उठून चहासुद्धा घेतला नव्हता. कुणीतरी कार्ड वापरत होतं.

माझे वडील बँकेत कारकून होते. कार्ड हरवलं की आधी ब्लॉक करायचं आणि मग रडायचं, हे त्यांनी आम्हाला लहानपणापासून घोकून घेतलं होतं. कार्डाच्या सेटिंगमध्ये लाल अक्षरात 'स्पॅरा' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ ब्लॉक, एवढं मला येत होतं. बोट तिथे नेलंच होतं, पण खाली दोन ओळी बारीक अक्षरात होत्या, म्हणून लॅपटॉपवर मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन कॅमेऱ्यासमोर धरला.

"थांब, ते दाबू नकोस," ती म्हणाली. "ते कायमचं आहे. एकदा स्पॅरा केलेलं कार्ड पुन्हा उघडत नाही. नवीन कार्ड तुझ्या रजिस्टर्ड ॲड्रेसवर येईल, म्हणजे इकडे, जुन्या फ्लॅटवर. वरचं बघ. 'फ्रीस' लिहिलंय ना? त्याने नुसतं गोठतं. सापडलं की उघडता येतं."

मी फ्रीस केलं. कार्डाचं चित्र राखाडी झालं. जरा हायसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की गोठलेल्या कार्डाने तिकीटही निघत नाही.

"मी काढू का तिकीट?" मैत्रीण म्हणाली. "माझ्या कार्डाने पाच मिनिटांत होईल."

नको म्हटलं. का म्हटलं, हे मी स्वतःला आजही विचारते. बारा वर्षं तिच्याकडून पत्रं वाचून घेतली होती, निदान हे तरी माझं मी करावं असं वाटलं असेल. काकू सकाळच्या पोहण्याला गेल्या होत्या, नाहीतर त्यांनाही मी नकोच म्हटलं असतं.

मग ती एकेक ओळ वाचू लागली आणि मी बटणं फिरवू लागले. कार्डाचा पूर्ण नंबर ॲपमध्येच बँकआयडीचा, म्हणजे तिथल्या डिजिटल ओळखपत्राचा, सहा आकडी कोड टाकल्यावर दिसतो, तो मी लिहून घेतला. स्वीडनबाहेर दुकानात आणि मशीनवर कार्ड चालणं बंद केलं. टॅप करून पैसे देणं बंद केलं. आता कार्ड उघडलं तरी चोराला इथे दुकानात काही करता येणार नव्हतं. उरली इंटरनेट खरेदी, आणि तिची मर्यादा पाच हजार क्रोनर होती. ती मीच पूर्वी घाबरून ठेवली होती. तिकीट तर सातशे चाळीस पौंडांचं.

"पंधरा हजार कर," मैत्रीण म्हणाली.

"नंबर चोराकडेही आहे. सगळ्याच साइट्स बँकआयडी मागत नाहीत. त्याला वरचे पाच हजार कशाला ठेवू?"

"अगं, दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"नाही. तिकिटाएवढंच ठेवते. म्हणजे तिकीट निघालं की त्याला एक क्रोनर उरणार नाही."

मी पौंडाचा दर पाहिला, गुणाकार केला, नऊ हजार सहाशे टाकले, कोड टाकून सही केली, कार्ड उघडलं आणि साइटवर नंबर भरला. बँकआयडीवर मंजुरी दिली. चक्र फिरत राहिलं आणि पेमेंट नाकारलं गेलं.

पुन्हा भरलं. पुन्हा नाकारलं. मी मैत्रिणीवरच ओरडले की काहीतरी बटण चुकीचं वाचलंस. ती बिचारी शांतपणे सगळं पुन्हा वाचत गेली, आणि मग हळूच म्हणाली, "परकीय चलनाचं शुल्क धरलंस का? दोन टक्क्यांच्या आसपास असतं."

धरलं नव्हतं. दोनशे क्रोनर कमी पडत होते. मी पंधरा हजार टाकले, सही केली आणि साइटवर परत आले. सीट गेली होती. दोन्ही.

दोहामार्गे तिकीट मिळालं, दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवणारं. पैसे गेल्या गेल्या मी कार्ड पुन्हा गोठवलं. घाईत कोड दोनदा चुकला.

बॅग भरत असताना काकू आल्या. मी आईचं सांगितलं, आणि कार्ड चोरीला गेल्याचंही, पुरावा म्हणून ती खरेदी दाखवली. त्यांनी चष्मा लावला.

"हे बसचं आहे गं," त्या म्हणाल्या. "काल किती वेळा टॅप केलंस? सगळं मिळून दुसऱ्या दिवशी कापतात. इकडे असंच असतं."

 त्यांनी माझी बॅग बंद केली आणि टॅक्सी बोलावली.

आई पहाटे साडेचारला गेली. भाऊ म्हणाला की तीनपर्यंत शुद्धीवर होती आणि दाराकडे बघत होती. त्याने तिला सांगितलं होतं की ताई निघालीय, आता येईल. त्या वेळी मी दोहाच्या विमानतळावर एका खुर्चीत बसून होते.

लंडनला परत आल्यावर कार्ड कोटाच्या अस्तरात सापडलं. खिशाला भोक होतं. भावाला मी उशिराचं कारण सांगितलं, की थेट फ्लाइट भरली होती. ते खोटं नाही. ती कशी भरली, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.