यंत्राशी लावलेली पैज

धंतोलीतल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. छातीचा फोटो काढला की तो संगणकावरून एका कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे जातो. ते मिनिटभरात फोटोवर चौकोन आखून इथे डाग वाटतो, तिथे पाणी वाटतं, असं सांगतं. मग डॉक्टर स्वतः फोटो बघून रिपोर्टवर सही करतात. सुरुवातीला या सॉफ्टवेअरचे पैसे वर्षाचे एकदाच भरायचे. मग शंभर वेळा वापरा नाहीतर हजार वेळा, कुणी मोजत नव्हतं.

त्या काळात मला एक खोड लागली. दुपारी चारनंतर गर्दी ओसरली की मी जुन्या पेशंटच्या फिल्मा उघडायचो. डाग कुठे आहे ते आधी स्वतः ठरवायचं आणि मग बटण दाबून सॉफ्टवेअर काय म्हणतं ते बघायचं. माझं आणि त्याचं उत्तर जुळलं की फार बरं वाटायचं. वीस वर्षं फोटो काढतो आहे, पण या धंद्यात माझ्या डोळ्यांना कुणी काही विचारत नाही. यंत्राशी लावलेली पैज मी जिंकायचो आणि खुशीत चहा मागवायचो.

पुढे कंपनीने पद्धत बदलली. आता जेवढा वापर तेवढं बिल. एकदा बटण दाबलं की एक वाचन, आणि प्रत्येक वाचनाचा ठरलेला दर. तीच फिल्म पुन्हा पाठवली तरी ते नवं वाचन धरलं जाणार, कारण त्यांच्या यंत्राला काम तेवढंच पडतं. महिनाभर कुणी काही विचारत नाही, महिना संपला की सगळी बेरीज करून बिल येतं. डॉक्टरांनी हे आम्हाला नीट समजावून सांगितलं. मी मान डोलावली. चार दिवस हात आवरला आणि पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झालो. दोन-चार वाचनांनी काय होतं, असं मनाशी म्हणायचो. ती दोन-चार नव्हती.

आमच्या काउंटरवर एक बाई होती. कन्हानहून यायची. नवऱ्याचं खाणीतलं कंत्राटी काम सुटलं होतं आणि घर तिच्या पगारावर चालायचं. सकाळी संगणक तीच सुरू करायची. स्वतःच्या नावाने सॉफ्टवेअर उघडायची, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायची, आणि ते दिवसभर तसंच उघडं राहायचं. चारला तिची सुट्टी. सीताबर्डीवरून बस पकडायची असल्याने ती धावतच निघायची. त्यानंतर मी त्याच खुर्चीवर बसायचो. माझं वेगळं खातं काढायला डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं. मी आळस केला. म्हणजे माझी प्रत्येक पैज तिच्या नावावर लागत होती.

तिसऱ्या महिन्याचं बिल पाहून डॉक्टर भडकले. आलेल्या पेशंटच्या जवळपास दुप्पट वाचनं झाली होती. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं की प्रत्येक वाचनाची नोंद आहे, कोणती फिल्म, कोणाच्या नावाने, किती वाजता, तुम्हीच उघडून बघा. डॉक्टर मला म्हणाले, "ज्या फिल्मा दुसऱ्यांदा पाठवल्या, तेवढ्याच काढून दे."

मी यादी काढली. सगळ्या नोंदींपुढे तिचं नाव होतं. वेळ होती पावणेअकरा ते सव्वाबारा, रोजच.

मला ती वेळ कळत होती. कंपनी सगळ्या जगाला एकाच घड्याळाने मोजते आणि ते घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे आहे. यादीतले पावणेअकरा म्हणजे आमचे सव्वाचार. तेव्हा ती बसमध्ये असायची आणि खुर्चीवर मी. पूर्ण यादी काढली असती तर लहान पोरालाही शंका आली असती. तीत आमची सकाळी नऊची वाचनं पहाटे साडेतीनची दिसत होती आणि त्या वेळी आमचं शटर बंद असतं. पण डॉक्टरांनी मागितली तेवढीच मी छापली. सांगितलं तेवढंच काम करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

डॉक्टरांनी तिला बाकड्यांवर बसलेल्या पेशंटसमोरच विचारलं. "काहून वं, जुन्या लोकाइचे रिपोर्ट काढून कोणाले विकून राहिली तू?"

तिला आधी काही समजलंच नाही. तिने कागद हातात घेऊन त्यावरच्या वेळा वाचल्या. मग म्हणाली, "साहेब, अकरा वाजता तं इथं लाइन लागून राह्यते. मले पाणी प्यायले फुरसत नाही. जुन्या फिल्मा मी कवा उघडणार जी?"

"मंग तुह्या नावानं भूत येऊन बटन दाबते का?"

बाकड्यावरचे दोघं-तिघं हसले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी रोज तिच्या डब्यातली भाजी खायचो, ती मला भाऊ म्हणायची. "भाऊ, तुमी तं इथंच असता. सांगा न साहेबाले. त्या यादीतलं घड्याळ बरोबर आहे न?"

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. त्यापुढे काय होईल तेही दिसत होतं. बाकड्यावरची माणसं मला हसतील आणि डॉक्टर म्हणतील, फोटो काढणारा स्वतःला डॉक्टर समजतो. मला नोकरीपेक्षा त्या हसण्याची भीती जास्त वाटली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

"मशीनचं घड्याळ चुकत नसते, बाई," मी म्हणालो.

ते खरंच होतं. घड्याळ बरोबरच होतं.

डॉक्टरांनी तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, एवढंच. जादा वाचनांचे पैसे तिच्या शेवटच्या पगारातून कापले. तो हिशेब डॉक्टरांनी मलाच करायला सांगितला आणि मी तो एक रुपयाही न चुकता केला. डब्याची पिशवी घेऊन ती दुपारी दोनलाच निघाली. त्या घाईच्या बाईला मी पहिल्यांदाच सावकाश चालताना पाहिलं.

त्या दिवसापासून मी जुन्या फिल्मांना हात लावला नाही. माझं खातं काढलं. यादीतली वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे दिसावी अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच, ती सुरू केली. एका बटणाचं काम होतं.

पुढच्या महिन्याचं बिल निम्म्यावर आलं. डॉक्टर ते मला दाखवत म्हणाले, "पाहा, मी म्हणत नव्हतो? ती गेली अन् बिल उतरलं." तिने असं केलं असेल हे ज्यांना पटत नव्हतं, त्यांचीही मग खात्री पटली. मी सुधारलो आणि ती चोर ठरली.

दोन महिन्यांनी आमच्याच गल्लीतल्या एका दवाखान्यातून फोन आला. ती तिथे कामासाठी गेली होती. आधी कुठे होती विचारल्यावर तिने आमचं नाव सांगितलं आणि माझ्याशी बोला म्हणाली. डॉक्टरांशी नाही, माझ्याशी. मी खरं काय ते सांगेन, असं तिला अजून वाटत असावं.

"बाई कामाले कशी आहे?" तिकडच्या माणसाने विचारलं.

"कामाले चांगली आहे," मी म्हणालो.

"मंग काढली काहून?"

डॉक्टर समोरच बसून फिल्म बघत होते. त्यांनी मान वर केली.

"ती गेल्यावर आमचं बिल निम्म्यावर आलं," मी म्हणालो.

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. तिकडच्या माणसाने आभार मानले आणि फोन ठेवला.