आतलं चाक, बाहेरचं चाक

जळगावच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आम्ही स्पर्धेसाठी विजेवर चालणारी एक छोटी रेसची गाडी बांधली होती. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र मोटार. कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, हे ठरवणारा प्रोग्राम माझा. घरी कापडाचं दुकान, सात पिढ्यांत कोणी पाना हातात धरला नव्हता. त्यामुळे मला त्या प्रोग्रामचा जरा जास्तच माज होता, हे आज कबूल करते.

कल्पना साधी होती. गाडी डावीकडे वळू लागली की बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकाला जास्त जोर द्यायचा आणि आतल्याला तेवढाच कमी. एकूण जोर तोच राहतो; पण बाहेरचं चाक जास्त ढकलतं म्हणून गाडीचं नाक आत वळतं आणि वळण चपळाईनं घेता येतं.

गाडी चालवायला आमच्याच वर्गातला, शिंदखेड्याकडच्या शेतकरी घरातला एक मुलगा होता. मेहरूण तलावापलीकडच्या एका काँक्रीटच्या मोकळ्या पटांगणावर पहिल्याच दिवशी तो गाडीतून उतरला आणि म्हणाला, "वळनवर गाडी आयकत नही. उलट्या बाजूना ब्रेक दाबेल ट्रॅक्टरगत करस."

ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन ब्रेक असतात. शेताच्या टोकाला वळताना आतल्या बाजूचा दाबायचा, म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. त्याचं अर्धं आयुष्य आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, ट्रॅक्टरवर गेलेलं. मी मात्र सगळ्यांसमोर म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले, तोही हसला. "एक डाव तुना प्रोग्राम बंद करीसन देखूत का?" त्यानं विचारलं. मी साफ नाही म्हटलं. तो बंद केला तर त्या गाडीत माझं उरणार काय होतं?

त्यानंतर त्यानं तक्रार केली नाही. दोन आठवडे तो मुकाट्यानं गोल गोल फिरत राहिला, त्याच्या फेरीच्या वेळा सुधारेनात. शेवटी मीच आमच्या सरांना सांगितलं की ड्रायव्हर बदलू या. दुसऱ्या दिवशी दुपारी स्पर्धेला ड्रायव्हरचं नाव कळवायचं होतं. सकाळी तो आला, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि "दुसराले द्या," एवढंच म्हणून पाण्याच्या टाकीकडे गेला.

मी पटांगणावर वळणं आखायला ठेवलेले शंकू गोळा करत होते. डाव्या वळणाच्या गोलावर काळी रेघ उमटली होती, टायर घसरल्याची, आणि ती आतल्या बाजूला होती. वळताना आतलं चाक हलकं पडतं. त्यावर जोर जास्त आला तरच ते असं घसरणार. आणि माझ्या हिशेबानं तर त्याला कमी जोर जायला हवा होता. उजव्या वळणाच्या गोलावर जाऊन पाहिलं. तिथेही रेघ आतच. मी तशीच वर्कशॉपकडे धावले.

वर्कशॉपमध्ये गाडी नेहमी दाराकडे तोंड करून उभी असायची आणि आम्ही लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसायचो. मोटारींच्या वायरींवर 'डावी' आणि 'उजवी'च्या चिठ्ठ्या मी तशीच समोर उभी राहून चिकटवल्या होत्या. माझा डावा हात म्हणजे गाडीची उजवी बाजू, हे डोक्यातच आलं नाही. जॅकवर तपासताना स्टिअरिंग डावीकडे वळवल्यावर 'उजवी' चिठ्ठीचं चाक जोरात फिरलं आणि मी खुशाल बरोबरची खूण केली. सरळ जाताना दोन्ही चाकांना सारखाच जोर, त्यामुळे तिथे चूक कळण्याचा प्रश्नच नव्हता. वळणावर मात्र तो नाक आत ओढायचा आणि माझा प्रोग्राम ते बाहेर ढकलायचा.

मी आधी सरांना सांगितलं, सगळ्यांसमोर. सर रागावले नाहीत. "वायरी बदल आणि त्याला बोलाव," एवढंच म्हणाले.

वायरी बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. तो बसला. पहिल्याच वळणात गाडी अशी आत शिरली, की तोच दचकला असावा. त्यानं जोर कमी केला, मग पुन्हा दिला. चार फेऱ्यांनंतर थांबला. मला वाटलं, आता मला बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं.

"आते बराबर फिरस," तो म्हणाला.

"तू भांडला का नाहीस माझ्याशी?" मी विचारलं. खरं तर माफी मागायची होती, तोंडातून हे निघालं.

तो हातमोजे काढत बसला. "तू इतली हुशार. मी म्हंतं, तुनी चूक कशी व्हई?" मग म्हणाला, "काल आबाले फोन करीसन सांगी टाकं, माले गाडी चालाडता येत नही."