बाराव्या पानाची शेवटची ओळ

१८ नोव्हेंबर, मंगळवार. एका बँक स्टेटमेंटची तेवीस पानं तपासायची होती.

मी सीएच्या ऑफिसात काम करते. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या पालकांना खात्यावरच्या पैशांचा दाखला लागतो. साहेबांची सही होण्याआधी कागद माझ्या हाताखालून जातात. हे स्टेटमेंट पिंपळगावच्या भाजीपाला भरणाऱ्या एका पॅकहाउसमधल्या सुपरवायझरचं होतं. मुलीला परदेशात एमएस्सीला प्रवेश मिळाला होता आणि एजंट दुसऱ्या दिवशी व्हिसाची फाइल भरणार होता. मजुरांचे, डिझेलचे, टेम्पोचे पैसे त्यांच्याच खात्यातून फिरायचे, म्हणून मे ते ऑक्टोबर एवढ्या सहा महिन्यांना तेवीस पानं.

माझी पद्धत साधी आहे. आधी नोंदी वाचायच्याच नाहीत. पानाची शेवटची शिल्लक बघायची, मग पुढच्या पानावर वर आणलेली शिल्लक. जुळली की दोन्हीकडे पेन्सिलीने बारीक टिक. नंतर महिन्याची क्लोजिंग आणि पुढच्या महिन्याची ओपनिंग. हे झालं की मग बेरीज-वजाबाकी.

अकरा पानं सरळ गेली. बारावं पान ऑगस्टच्या मध्यावर संपत होतं, शिल्लक ८६,३४०. तेरावं पान सुरू होत होतं ९,८६,३४० ने.

एखादं पान गळलंय का, ते आधी पाहिलं. पानांचे क्रमांक सलग होते आणि मधे एकही नोंद नव्हती. तेराव्यापासून पुढे मात्र सगळं चोख. ऑगस्टची क्लोजिंग तीच सप्टेंबरची ओपनिंग, सप्टेंबरची तीच ऑक्टोबरची. प्रत्येक शिल्लकेत नऊच लाख वाढवले, तर आतलं गणित बिघडत नाही. फक्त सप्टेंबरअखेर जमा झालेलं व्याज चारशेच्या आत होतं. नऊ लाखांवर हजारोंनी पडलं असतं.

सुपरवायझर समोरच्या बाकावर बसले होते. मुलीच्या प्रवेशाचे म्हणून ऑफिसात पेढे वाटून झाले होते.

"दादा, पासबुक आणलंय?"

"पासबुक घरी हाय, ताई."

"मोबाइलवर बँकेचं ॲप असेल ना? सप्टेंबर उघडून दाखवा."

त्यांनी खिशाला हात लावला, पण फोन काढला नाही.

"एजंट म्हनला, नुसतं दाखवायला असतं. सगळेच करतात."

"हे जुळत नाही. यावर साहेबांची सही होणार नाही."

"कुठं जुळत नाय?"

मी फाइल मिटली. जागा सांगितली असती, तर संध्याकाळपर्यंत ती दुरुस्त होऊन दुसऱ्या कोणाच्या टेबलावर गेली असती. एकच ओळ वाढवायची होती त्यांना: नऊ लाख जमा.

"ते नाही सांगता येणार."

"म्हंजे एवढं शोधायला बसलात आन आता सांगत नाय?" ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "तुमची पोरगी असती तर, ताई?"

माझी पोरगी असती तर काय केलं असतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "शैक्षणिक कर्जाचं बघू. बँकेत मी येते बरोबर."

"उद्यापर्यंत मिळल?"

"नाही."

"मग?"

खोट्या कागदावर फाइल नाकारली गेली, तर मुलीला पुढे कित्येक वर्षं त्या देशाचं दार बंद होऊ शकतं, हे मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. एजंटाला दिलेले पैसे परत मिळतील का, असं विचारलं. बहुतेक नाही, म्हटलं. फाइल माझ्याच टेबलावर ठेवून ते गेले. सकाळी येतो, म्हणाले.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण सही करायची नाही, एवढंच आपल्या हातात." ते खरं होतं. मला ते फार थोडं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर ऑफिसात गेले आणि फाइल उघडली. माझ्या पेन्सिलीच्या खुणा बाराव्या पानाच्या तोंडाशी थांबत होत्या. लहान मुलालाही कळलं असतं, चूक कुठे आहे ते. मी पहिल्या पानापासून सगळ्या खुणा खोडून टाकल्या. नीट, कागद न चुरगाळता. खोडरबराचा चुरा फुंकला.

फाइल घ्यायला त्यांची मुलगीच आली. "सही झाली का, मावशी?"

"नाही. बाबांना सांगितलंय मी."

"ते काहीच बोलले नाहीत."

मी कर्जासाठी लागणाऱ्या कागदांची नावं एका चिठ्ठीवर लिहून फाइलला लावली होती. तिने ती वाचली, फाइल छातीशी धरली आणि म्हणाली, "एजंटकडेच चाललेय आता. तो करेल काहीतरी."

मी जिन्यापर्यंत तिच्यासोबत गेले. मग परत येऊन पुढची फाइल घेतली.