एका अभिनंदनाने आज अंगाला घाम फुटला

आमच्या ऑफिसात तीन महिन्यांपूर्वी एक मॅडम आल्या. नाव लिहीत नाही. आज एकदा त्यांच्याबद्दल लिहून चूक केलीये. जिन्यात दिसल्या की हसायचं, एवढीच आमची ओळख.

सकाळी शिपाईमामा म्हणाले, "मॅडमनी भिंगारला फ्लॅट घेतलाय म्हनं!" मला बरं वाटलं. लगेच ऑफिसच्या ग्रुपवर त्यांना टॅग करून टाकलं, "नव्या घराबद्दल अभिनंदन! वास्तुशांतीला बोलवायला विसरू नका."

दोन मिनिटांत त्या माझ्या टेबलापाशी. चेहरा पांढराफटक.

"ताई, तेवढं काढा ना. नुसतं बुकिंग झालंय, ताबा दिवाळीनंतर आहे. आम्ही साहेबांच्याच घरात भाड्याने राहतो, त्यांना अजून सांगितलं नाही. आत्ताच खोली खाली करा म्हणाले, तर पोरांना घेऊन कुठं जाऊ?"

मी लगेच मेसेज डिलीट केला. पण तोवर खाली पाच जणांनी "अभिनंदन मॅडम" लिहिलं होतं. ते मला कसं पुसता येणार? एकेकाला फोन लावत होते, तोच साहेबांच्या केबिनची बेल वाजली.

मामा आले. "मॅडम, सायबांनी बोलावलंय." मला नाही, त्यांना.

बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघता पर्स उचलून घरी गेल्या.

ज्याचं घर, त्याने स्वतः सांगेपर्यंत आपण थांबायला नको का? तासभर झाला, माफी मागायला फोन हातात धरून बसलेय. नंबर आहे. पण तो नुसत्या आडनावाने सेव्ह केलाय. त्यांचं पहिलं नावसुद्धा मला माहीत नाही.