अंतरपाटाच्या वेळी मधे आलेला माणूस

गंगापूर रोडच्या स्टुडिओत मी लग्नाच्या कॅसेट एडिट करायचो. नवीन सॉफ्टवेअर हाती लागलं होतं, मास्क मारून, म्हणजे चित्रातला तेवढा भाग झाकून, माणूस गायब करता यायचा! मग काय, मला वाटायचं मी कुणालाही गायब करीन.

सटाण्याची नवरी कच्चं एडिटिंग बघायला आली. अंतरपाट बाजूला होतो आणि नेमका तेव्हाच एक टोपीवाला माणूस खुर्ची उचलून कॅमेऱ्यासमोरून जातो.

"हाऊ कोन शे? कोण हा?" ती ओरडलीच. "भाऊ, अख्ख्या लग्नात मी मान खाली घालून होते. एकदाच वर बघितलं, यांच्याकडे. तेच झाकलं!"

"काढतो ना ताई!" मी म्हटलं. मालक, म्हणजे दादा, माझ्याकडे बघतच राहिले.

सुरुवात एकदम भारी झाली. कॅमेरा स्टँडवर होता, हलत नव्हता. तो यायच्या आधीचा रिकामा मंडप त्याच्या जागी लावला, मास्क त्याच्यासोबत सरकवला, माणूस गायब! मी टाळ्या वाजवल्या. मग बघतो तर मागच्या गुलाबी कापडावर त्याची सावली एकटीच चाललीये! मास्क मोठा केला, सावली गेली. आता उडत्या अक्षता मास्कच्या कडेला येऊन हवेतच नाहीशा व्हायला लागल्या. त्या एकेक करून परत टाकल्या.

पण तो नवरीच्या समोर आला आणि मी अडकलो. आधीच्या फ्रेममधला तिचा चेहरा कापून तिच्या जागी चिकटवला. मुंडावळ्या डबल दिसायला लागल्या, डोळे मिटेनात, आणि मान? खालीच! तिने वर बघितलेलं कॅमेऱ्याने टिपलंच नव्हतं, मी आणणार कुठून?

"दादा, मेलो. शब्द दिलाय मी."

"तुला कुणी सांगितलं होतं, शहाण्या? परत लाव बरं."

मूळ शूटिंग परत लावलं. टोपीवाला बरोबर मधे असताना स्क्रीन एकदम पांढरी झाली.

"थांब! हा फ्लॅश माझाय! मी तर स्टेजवर फोटो काढत होतो, तिच्या बाजूला!" दादा ओरडले.

दादांनी प्रिंटचा गठ्ठा टेबलावर ओतला. आम्ही दोघं तुटून पडलो. सापडला फोटो! मान वर, ओठ दाबून हसू, कपाळावर अक्षतेचा एक दाणा चिकटलेला. मी खुर्चीतून उठून नाचलोच. प्रिंट स्कॅन केली आणि तो माणूस तिच्यापुढे येतो तेवढ्यापुरता हळूहळू जवळ येणारा फोटो टाकला. खाली वाजंत्रीचा आवाज तसाच चालू ठेवला.

ताई नवऱ्याला घेऊन आली तेव्हा मी कॅसेट लावली. सगळं खरं सांगितलं, की इथे व्हिडिओ नाहीये, फोटो आहे. नवरा म्हणाला, "अगं, तू हसली होतीस? मी तर घाबरून भटजींकडे बघत होतो!"

"मग आता बघा," ती म्हणाली, आणि मला कॅसेट त्या फोटोपर्यंत मागे फिरवायला लावली.