सोजरबाईच्या पाच पायऱ्या

सोजरबाईला चोर म्हणायचंच असेल, तर चार पावलं लांब उभं राहून म्हणावं. श्रीधर सुपरवायझर अगदी जवळ उभा राहिला, तिथंच त्याचं चुकलं.

धायरीची ही बाई वीस वर्षं घमेली वाहत होती. गवंड्यांचे हात बघून बघून थापी शिकली. बाईमाणूस कसलं गवंडीकाम करणार, असं म्हणणाऱ्यांच्याच भिंतींना पुढे तिनं गिलावा केला. अक्षरओळख नाही, मोजमाप मात्र तोंडपाठ.

चौऱ्याऐंशी साली आमच्या शाळेच्या दारात भरीव काँक्रीटच्या पाच पायऱ्या तिनं करायला घेतल्या. प्रत्येक पायरी सहा इंच उंच, फूटभर खोल, सहा फूट रुंद. श्रीधरनं कागदावर मांडलं: लांबी पाच फूट, उंची अडीच, रुंदी सहा, त्याचं निम्मं. साडेसदतीस घनफूट. तो कागद मीही पाहिला होता. गणित मीच शिकवतो, तरी मान डोलावली. एका वेळी साडेसात घनफूट काँक्रीट कालवायचं, असे पाच घाणे ठरले.

पाचही घाणे ओतून झाले. तीन पायऱ्या भरल्या, चौथी जेमतेम पाव भरली, पाचवीचा साचा कोरडाच.

"सिमेंट कुठं गेलं, बाई? तुमच्या घरी ओटा होतोय म्हणे," श्रीधर म्हणाला.

घमेली वाहणाऱ्या बाया थांबल्या. मला लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

"ओटा मातीचा हाय. येऊन बघा," ती म्हणाली, "पण आधी हितं बघा."

तिनं पाच विटा ओळीनं मांडल्या. त्यावर मागची कड धरून चार, मग तीन, दोन, एक.

"पायऱ्या म्हंजी अशी चवड, सायेब. खालचा थर पाच फुटाचा, वरचा एकाचा. येक वीट म्हंजी फूटभर खोल, अर्धा फूट उंच, सहा फूट रुंद. तीन घनफूट. आता मोजा."

विटा पंधरा भरल्या. पंचेचाळीस घनफूट. मग तिनं कोळशानं विटांच्या बाजूवर खालच्या पुढच्या कोपऱ्यापासून वरच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. प्रत्येक पायरीचा एक त्रिकोण रेघेच्या वर राहिला.

"तुमच्या कागदात रेघेखालचं तेवढंच हाय. पोरांना घसरगुंडी पायजे व्हती का?"

बाया हसल्या. श्रीधरनं घड्याळ पाहिलं. "बरं, बरं. सहावा घाणा कालवा. खालचा माल आवळतोय, घट्ट झाला तर वरचा त्याला धरणार नाही."

सोजरबाईनं थापी खाली ठेवली.

"आवळू द्या. फोडून परत करीन. आधी चोर कोन ते सांगा."

तो काहीतरी पुटपुटला.

"बायांना ऐकू आलं न्हाई."

"सिमेंट कुणी चोरलं नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "हिशोब माझा चुकला."

"आणि माझाही," मी म्हणालो. फार उशिरा म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थापी उचलली आणि बायांना म्हणाली, "चला, घाणा लावा."