शेवटी दहानं गुणायचं

डोणगावकडच्या एका शाळेत गणिताची जागा निघाली. मला ती हवीच होती. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि नोकरी लागली तरच ती थांबणार होती.

मुलाखत म्हणजे दहावीच्या वर्गावर पाठ. उमेदवार दोघं, मी आणि संस्थेच्या सचिवांचा भाचा. मुख्याध्यापकांनी फळ्यावर तक्ता लिहून ठेवला होता: चाळीस पोरांचे पन्नासपैकी गुण, शून्यापासून दहा-दहाचे पाच वर्ग, वारंवारता २, ४, ८, १४, १२. मध्यप्रमाण विचलन पद्धतीनं मध्य, म्हणजे सरासरी, काढायचा.

आधी भाचा. त्यानं पंचवीस हा गृहीत मध्य धरला. त्यापासूनच्या प्रत्येक विचलनाला दहानं भागलं, वारंवारतेनं गुणलं, बेरीज आली तीस. भागिले चाळीस, म्हणजे पाऊण. इथवर गडी सरळ चालला. मग पंचविसात तोच पाऊण मिळवून उत्तराला झोकात चौकट केली: २५.७५. सचिव मान डोलवत होते. त्यांना चौकट आवडली असावी.

मी तेच केलं, फक्त पाऊणला दहानं गुणलं. "दहानं भागून आकडे लहान आपणच केले होते ना? मग परत मोठे करायला नको?" साडेसात. उत्तर ३२.५.

सचिव उठले. धंदा सोयाबीनचा, पण मत सगळ्यात. "म्याडम, हे पंचवीस कुठून आणलं?"

"गृहीत धरलं, सर."

"असं मनानं धरता येते काय?"

"कोणताही वर्गमध्य धरा," म्हटलं, आणि पस्तीस धरून पुन्हा सोडवलं. बेरीज उणे दहा, भागिले चाळीस उणे पाव, दहानं गुणून उणे अडीच. पुन्हा ३२.५.

पुढच्या बाकावरची मुलगी भाच्याला म्हणाली, "सर, सव्वीस पोरायले तं तीस नाही तं तीसच्या वरच हायेत. मंग सरासरी पंचवीस कशी?"

सचिवांनी न्याय केला. "एकाचं पंचवीस, एकाचं बत्तीस. भांडता काऊन? दोन्हीची सरासरी काढा अन् मोकळे व्हा."

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघू लागले. माझं डोकं इतकं तापलं की खडू हातातच मोडला.

जागा भाच्याला मिळाली. गणितात काहीही गृहीत धरलं तरी शेवटी दुरुस्ती होते. संस्थेत ती पायरीच नव्हती, धरलं तेच उत्तर. मला तासिकेवर ठेवलं, पोरांचे जादा तास घ्यायला. घरी स्थळं येतच राहिली.

सांख्यिकीचा धडा आला तेव्हा भाचा स्टाफरूममध्ये माझ्याजवळ खुर्ची ओढून बसला. "म्याडम, ते शेवटी दहानं गुणाचं काय होतं हो?"

मी सांगितलं. पोरांना कशाला शिक्षा?

"अन् वर्ग पाच-पाचचे असले तं?"

"तर पाचनं."

त्यानं खुर्ची मागं सरकवली. "दरवेळी बदलते म्हणता? मंग हा तास तुमीच घेऊन टाका."

तास मी घेतला. नोंदवहीत सही त्यानं केली.